सात महिने, सहा नावे

पोटाच्या टीबीचा संशय असलेला रुग्ण समोर बसला की मी लगेच त्याच्या पोटावर हात ठेवत नाही. आधी सोबतची पिशवी रिकामी करायला सांगतो. साडीच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी असते, तिच्यात चार-पाच दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीचे फोटो आणि अर्ध्या संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या कोंबलेल्या असतात. ते सगळे टेबलावर पसरायचे आणि तारखेप्रमाणे एकाखाली एक लावायचे. या कामाला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि बाहेर रांग खोळंबते. पण माझ्या अनुभवात या आजाराचे निदान जितक्यांदा त्या टेबलावर झाले, तितक्यांदा कुठल्याही यंत्रावर झालेले नाही.

हे पुस्तक अशाच पिशव्यांचे आहे. लेखक माझे विद्यार्थी. त्यांनी आपल्या रुग्णांचे कागद तारीखवार मांडून प्रत्येकाचे निदान कुठे अडले ते दाखवले आहे. प्रस्तावनेत मी त्यांतल्याच एका बाईची हकिगत सांगणार आहे, कारण तिच्यावर आम्ही दोघांनी मिळून उपचार केले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजाराची चाल मात्र जशी होती तशीच ठेवली आहे.

वय २९, यंत्रमागाच्या गावातली, घरी शिलाईकाम करणारी, दोन मुलांची आई. पहिली चिठ्ठी जूनमधली. जेवणानंतर तासाभराने बेंबीच्या उजव्या बाजूला खाली दुखते, पोट गडगडते. निदान ॲसिडिटी, औषध पित्ताच्या गोळ्या. जुलैमध्ये पातळ संडास सुरू झाले. जंत आणि आमांश म्हणून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या गोळ्या पाच दिवस दिल्या गेल्या. तीन आठवडे बरे वाटले. ऑगस्टमध्ये संध्याकाळी अंगात कसर येऊ लागली. विडाल तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणून टायफॉइड ठरला आणि सात दिवस इंजेक्शने झाली. सप्टेंबरमध्ये पाळी चुकली आणि हिमोग्लोबिन ८.६ निघाले. अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक मिळाले. ऑक्टोबरच्या सोनोग्राफीत शेवटच्या ओळीत लिहिले होते की लहान आतड्याचा शेवटचा भाग किंचित जाड वाटतो आणि आजूबाजूला काही गाठी आहेत. ती ओळ जुनाट अपेंडिक्स म्हणून वाचली गेली आणि ऑपरेशनचा सल्ला मिळाला. पैशांची जुळवाजुळव होईना म्हणून ते राहिले. डिसेंबरअखेर ती पोट फुगून, हिरव्या उलट्या करत आमच्याकडे भरती झाली. जूनच्या चिठ्ठीवर वजन ५२ किलो होते. भरती झाली तेव्हा ४१.

यातला एकही डॉक्टर बेफिकीर नव्हता. जूनमध्ये मी असतो तर मीही पित्ताच्याच गोळ्या दिल्या असत्या. प्रत्येकाने त्याच्यापुढे आलेला एक महिना पाहिला आणि त्या महिन्याला शोभणारे नाव दिले. हे सगळे महिने एकाखाली एक लावून कुणी पाहिले नाहीत, आणि वजनाचे आकडे वेगवेगळ्या कागदांवर विखुरलेले राहिले. रुग्णही डॉक्टर बदलताना जुने कागद दाखवत नाही. आधीच्या डॉक्टरचा अपमान होईल असे त्याला वाटते, किंवा नव्याने पाहिले तर नवे काही सापडेल अशी आशा असते.

पण हा आजार इतका पुसट का असतो, हे समजायला आतड्यात काय घडते ते पाहावे लागेल. टीबीचा जंतू पोटात बहुधा दोन वाटांनी येतो. फुप्फुसात आजार असेल तर थुंकी गिळली जाते, तिच्यासोबत तो उतरतो. नाहीतर कधीकाळी शरीरात शिरून शांत बसलेला जंतू रक्तावाटे आतड्याच्या भिंतीत किंवा गाठींमध्ये जाऊन ठाण मांडतो. गायी-म्हशींचा टीबी कच्च्या दुधातून येऊ शकतो, पण आपल्या घरात दूध उकळल्याशिवाय कुणी पीत नाही, त्यामुळे ती वाट आपल्याकडे अरुंद आहे. दुसऱ्या वाटेमुळेच बहुतेक रुग्णांना खोकला नसतो आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ येतो. ‘छातीत काही नाही, म्हणजे टीबी नाही’ या वाक्याने मी पाहिलेल्या किती रुग्णांचे महिने खाल्ले, ते मोजणे मी सोडून दिले आहे.

जंतूची आवडती जागा म्हणजे लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तो सांधा. तिथे अन्न बराच वेळ थबकते, आणि भिंतीत लसिका पेशींचे थर दाट असतात. जंतू याच पेशींना धरून आत शिरतो. व्रण होतात. भिंतीतल्या लसिकावाहिन्या नळीला वेढून जातात, म्हणून व्रणही आडवा, बांगडीसारखा पसरतो. तो भरू लागला की आकसतो आणि नळी अरुंद करतो.

आता इथला महत्त्वाचा मुद्दा असा की लहान आतड्यातले अन्न पातळ असते. नळी निम्म्याने अरुंद झाली तरी पेज आणि वरणभात बिनबोभाट खाली उतरतो. अडते ते मटकीच्या उसळीवर, कच्च्या काकडीवर, शेंगदाण्यांवर. त्या दिवशी आतडे जोर लावते, वायूचा गोळा पोटात एका बाजूने उठतो, फिरतो, मग मोठ्याने गडगडून विरतो आणि दुखणे थांबते. रुग्ण हे अगदी नेमके सांगतात: ‘गोळा उठतो आणि फिरतो.’ आम्ही ते ‘गॅस’ असे लिहून घेतो. गॅसने पोट फुगते, ढेकर येतात. पण ठरावीक जागी अडून, गडगडाट करून सुटणारा फिरता गोळा ही अरुंद झालेल्या नळीची खूण आहे. एवढा एक फरक रुग्णाच्या तोंडून काढून घेतला तर पुढचे सोपे होते.

आणि मग रुग्ण स्वतःच आजार झाकतो. जेवले की दुखते, म्हणून तो कमी जेवतो. आमची ही बाई सप्टेंबरपासून भाकरी सोडून मऊ भातावर आली होती, रात्री नुसते ताक पीत होती. दुखणे कमी झाले. वजन घसरले, तर घरचे म्हणाले, खातच नाही तर उतरणारच. डॉक्टरांनाही ते पटले. आजाराचे सर्वांत मोठे लक्षण अशा रीतीने रुग्णाच्या खाण्यावर ढकलले गेले. पाळी गेली, तिला कारण अशक्तपणा. कसर आली, तिला कारण टायफॉइड. विडालबद्दल एक सांगायला हवे. एकदाच केलेली, किंचित वाढलेली विडाल आपल्या भागात पुष्कळ निरोगी माणसांतही सापडते. तिच्यावरून टायफॉइड ठरवणे हा आपल्या वैद्यकीतला फार जुना आणि महागडा आडाखा आहे.

जुलैतल्या त्या पाच दिवसांच्या गोळ्यांकडेही परत जायला हवे. ऑफ्लॉक्सासिन ज्या कुळातले औषध आहे, त्या कुळातली औषधे टीबीच्या जंतूवरही काही प्रमाणात चालतात. पुरेशी नाहीत, पण थोडी दाबून ठेवण्याइतकी. अशा औषधाने फुप्फुसाच्या टीबीचे निदान लांबते हे नीट अभ्यासलेले आहे, आणि पोटात वेगळे काही घडत असेल असे मानायला मला कारण दिसत नाही. तिला मिळालेला तीन आठवड्यांचा आराम याचाच असू शकेल. जुलाब आपोआप थांबले असेही असू शकेल. कागदावर मात्र ‘औषध लागू पडले’ अशी नोंद झाली आणि संशय पुसला गेला.

भरती झाल्यावर तिचे तोंडाने खाणे बंद केले, नाकातून नळी टाकून पोट रिकामे केले, सलाईन लावले. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत हवा आणि पाण्याच्या पायऱ्या दिसत होत्या, म्हणजे आतडे अर्धवट अडलेले होते. दोन दिवसांत ते सुटले. मग सीटी स्कॅन केला. सांध्याची जागा जाड होती, मोठ्या आतड्याची सुरुवात आकसून वर ओढली गेली होती, आणि शेजारच्या गाठींचे मध्य काळे होते, म्हणजे आतून कुजलेले. काळ्या मध्याच्या गाठी टीबीकडे बोट दाखवतात. तरी लिम्फोमा किंवा पसरलेल्या कॅन्सरमध्येही गाठी अशा दिसू शकतात, म्हणून तुकडा हवाच होता.

दुर्बीण गुदद्वारातून वर सांध्यापर्यंत नेली. तिथली झडप नेहमी मिटलेली असते, ती आ वासून उघडी होती. तिच्या कडेला आडवे व्रण होते. व्रणाच्या काठावरून आणि तळातून आठ तुकडे काढले. त्यातले निम्मे फॉर्मेलिनमध्ये गेले, निम्मे साध्या सलाईनमध्ये. पुस्तकात लेखकांनी या बाटल्यांना एक अख्खे प्रकरण दिले आहे आणि ते योग्यच आहे. फॉर्मेलिनमध्ये पेशींची रचना टिकते पण जंतू मरतो. मेलेला जंतू कल्चरमध्ये वाढत नाही. सगळे तुकडे सवयीने एकाच फॉर्मेलिनच्या बाटलीत गेले की कल्चरची संधी कायमची गेली, आणि पुन्हा दुर्बीण घालायला रुग्ण सहसा तयार होत नाही. तपासणीच्या दिवशी नातेवाइकांनी ‘कल्चरसाठी एक तुकडा सलाईनमध्ये ठेवाल ना?’ एवढे विचारले तरी फरक पडतो.

रिपोर्ट आले. पॅथॉलॉजीत ग्रॅन्युलोमा होता, म्हणजे पेशींच्या गोलाकार गाठी. टीबीत त्यांच्या मध्यभागी चिजासारखी कुजण असते ती दिसली नाही. जंतू दिसला नाही. जीनएक्सपर्ट निगेटिव्ह. रिपोर्टच्या खाली लिहिले होते: क्षय किंवा क्रोन्स आजार, क्लिनिकल माहितीशी जुळवून पाहावे. हेच तिच्या आजाराचे सहावे नाव.

जंतू दिसला नाही याचे नवल नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सापडायला नमुन्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १०,००० जंतू असावे लागतात. खोकणाऱ्या रुग्णाच्या थुंकीत ते असतात. आतड्याच्या भिंतीत थोडके जंतू असतात आणि बाकीचा सगळा धुमाकूळ शरीराच्या प्रतिकाराचा असतो. म्हणून पोटाच्या टीबीत निगेटिव्ह रिपोर्ट ‘सापडला नाही’ एवढेच सांगतो. ‘नाही’ असे तो सांगत नाही. हा फरक रुग्णाला समजावणे फार अवघड जाते.

क्रोन्स आजाराची गोष्ट या पुस्तकाच्या मुळाशी आहे. १९१३मध्ये डॅल्झील या स्कॉटिश शल्यविशारदाने आतड्याचा असा एक आजार वर्णिला, जो दिसायला टीबीसारखा होता पण टीबी नव्हता. पुढे १९३२मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातले क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले आणि क्रोनचे नाव त्याला चिकटले. म्हणजे जन्मापासूनच या आजाराची ओळख ‘टीबी नसलेला’ अशी आहे. तोही याच सांध्यावर बसतो. तोही तरुणांना होतो, ताप आणतो, वजन उतरवतो, नळी अरुंद करतो, ग्रॅन्युलोमा दाखवतो. आम्ही शिकत असताना क्रोन्स भारतात जवळजवळ नाहीच असे मानले जाई आणि सांधा जाड दिसला की टीबीची औषधे सुरू होत. आता तो आपल्याकडे चांगलाच दिसतो, खेड्यांतही. त्यामुळे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते.

दुर्बिणीतले काही फरक मदत करतात. क्रोन्समध्ये व्रण उभे, नळीच्या लांबीने जाणारे असतात. मधेच चांगले आतडे, पुन्हा आजारी, असे टप्पे असतात. गुदद्वाराभोवती भगेंद्र किंवा गळू असू शकते. टीबीत व्रण आडवे, झडप मोडलेली, पोटात पाणी किंवा काळ्या मध्याच्या गाठी. पण प्रत्येक रुग्ण पुस्तकाप्रमाणे वागत नाही.

हा घोळ नुसता नावाचा असता तर एवढी काळजी नव्हती. क्रोन्सला स्टिरॉइड देतात, पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शने देतात. तीच टीबीच्या रुग्णाला दिली तर पहिले पंधरा दिवस तो खूश असतो, भूक लागते, ताप जातो, आणि मग जंतू रक्तातून यकृत, फुप्फुस, मेंदूपर्यंत पसरतो. उलट क्रोन्सच्या रुग्णाला टीबीची औषधे सहा महिने दिली तर काहींना थोडे बरेही वाटते, पण आत आतडे आकसत राहते. म्हणून दोन्हींत ठरत नसेल तेव्हा आपल्या देशात बहुधा आधी टीबीची औषधे देतात, स्टिरॉइड मागे ठेवतात. कारण टीबीच्या औषधांची चूक सुधारता येते, स्टिरॉइडची पुष्कळदा येत नाही. या पद्धतीची एक अट मात्र सरसकट मोडली जाते. औषधे सुरू करून नुसती वाट पाहायची नाही. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते डोळ्यांनी पाहायचे. बरे वाटणे हा पुरावा नाही. व्रण भरणे हा पुरावा आहे.

तिला वजनाप्रमाणे रोज तीन गोळ्या सुरू झाल्या. एकाच गोळीत चार औषधे असतात. लघवी नारिंगी होईल हे आधी सांगितले होते, तरी दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा घाबरून फोन आलाच. तीन आठवड्यांत कसर गेली. कल्चर सहा आठवडे ठेवले, काही उगवले नाही. दोन महिन्यांनी दुर्बीण घातली तेव्हा व्रणांच्या जागी पांढरट व्रणखुणा होत्या. त्या दिवशी निदान झाले. कुठल्या रिपोर्टात जंतूचे नाव न येता झाले.

मी इथे आतड्याच्याच टीबीवर रेंगाळलो, कारण ते जास्त फसवते. पोटाच्या अस्तराचा टीबी वेगळ्या रीतीने फसवतो, त्याबद्दल थोडे. इथे पोटात पाणी होते, म्हणजे जलोदर. पुरुषाला असेल तर आधी दारू आणि लिव्हर आठवते, बाईला असेल तर बीजकोशाचा कॅन्सर. बाईच्या बाबतीत सीए-१२५ ही रक्ततपासणी घात करते. तो पदार्थ पोटाच्या अस्तरातूनही पाझरतो, त्यामुळे अस्तर कशानेही चिडले तरी आकडा शेकड्यांत जाऊ शकतो. आकडा पाहून घरात रडारड होते आणि पोट उघडायची तयारी होते. त्याआधी सुईने थोडे पाणी काढून तपासले तर वाट पुष्कळ मोकळी होते. रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातले अल्ब्युमिन वजा केल्यावर १.१पेक्षा कमी उरले तर निव्वळ लिव्हरच्या आजाराचे ते पाणी बहुधा नसते. पाण्यात लिम्फोसाइट जास्त असतील आणि एडीए साधारण ३९च्या वर असेल तर टीबीकडे झुकायचे. लिव्हर आधीच खराब असलेल्या माणसात एडीए कमी येऊ शकतो, हे तेवढे ध्यानात ठेवायचे.

तरीही ठरत नसेल तर बेंबीजवळ लहान छेद घेऊन दुर्बिणीने आत पाहायचे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२मध्ये अशी तपासणी सुरू केली, तेव्हा महागडी यंत्रे नव्हती आणि अनेक सहकाऱ्यांना हा खेळ वाटत होता. अस्तरावर राळ्याच्या दाण्यांएवढे पांढरे कण पसरलेले एकदा डोळ्यांनी पाहिले की ते विसरता येत नाहीत. पण कॅन्सरचे कणही जवळजवळ तसेच असतात, म्हणून पाहून थांबायचे नाही, एक दाणा खुडून पॅथॉलॉजीकडे द्यायचा. असा दाणा तपासल्यामुळे गर्भाशय आणि बीजकोश वाचलेल्या दोन बायका या पुस्तकात आहेत.

आमच्या बाईचे सहा महिने जून संपता संपता पूर्ण झाले. वजन ५० झाले, पाळी परत आली. पण ज्वारीची भाकरी खाल्ली की गोळा उठायचा. तिला वाटले टीबी उलटला, आणि ती पुन्हा पिशवी घेऊन आली. उलटला नव्हता. औषधाने जंतू मेला, व्रण भरला, आणि भरताना तिथली नळी करंगळीहूनही अरुंद होऊन बसली होती. तिथे गोळ्यांचे काम नव्हते, त्या आणखी तीन महिने वाढवल्या असत्या तरी व्रणखूण सैल झाली नसती. दुर्बिणीतून फुगा नेऊन ती जागा दोनदा, महिन्याच्या अंतराने ताणली. अरुंद भाग आखूड होता म्हणून ते जमले. लांब असता तर ऑपरेशन लागले असते. आदल्या वर्षीच्या जूनमध्येच निदान झाले असते तर कदाचित यातले काहीच लागले नसते.

तिची पिशवी आता लेखकांच्या कपाटात आहे, तिच्या संमतीने. पहिल्या प्रकरणात त्यातली प्रत्येक चिठ्ठी तारखेच्या क्रमाने छापली आहे आणि समोरच्या पानावर त्या दिवशीचे वजन दिले आहे. वाचकांनी आधी फक्त वजनाचे ते आकडे एका दमात खालपर्यंत वाचावेत, मग चिठ्ठ्यांकडे वळावे.